बोलीच्या बीसीचा हिशेब वहीतून शीटवर : एका फेरीच्या नोंदी

२५ फेब्रुवारी २०२४

आमच्या मानेवाड्यातल्या गल्लीत भिशीला कोणी भिशी म्हणत नाही, बीसीच म्हणतात. सासूबाई गेली कित्येक वर्षं ती चालवतात. बारा जण, महिन्याला प्रत्येकी ५,००० रुपये, दर महिन्याच्या १० तारखेला संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये बैठक. ६०,००० जमतात आणि एक जण उचलतो. कोणी उचलायचे ते बोलीने ठरते. ज्याला गरज जास्त तो जास्त रक्कम सोडतो. या सोडलेल्या रकमेला आमच्याकडे घाटा म्हणतात. घाटा सगळ्यांत वाटला जातो, म्हणून त्या महिन्याचा हप्ता तेवढा कमी बसतो. पहिला नंबर बिनबोलीचा, तो आईंचा, कारण बीसी त्या चालवतात. शेवटचा नंबरही बिनबोलीचा, कारण तेव्हा उचलायचा एकच जण राहिलेला असतो.

मागच्या फेरीच्या शेवटी भांडण झाले. दोघांनी आपापल्या घरी हिशेब केला आणि "मला किती सुटले" याचे दोन वेगळे आकडे घेऊन आले. आईंची लांब वही उघडली तर त्यात काही महिन्यांचा घाटा बारा जणांत वाटला होता, काही महिन्यांचा अकरांत. मी एका क्लासमध्ये फीचे हिशेब बघते, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडले. आई म्हणाल्या, "मले कायले सांगते, वहीत सगळं हाय." वहीत सगळे आहे हे खरे, पण ते फक्त आईंनाच वाचता येते.

आज गुगल शीटमध्ये नुसता सांगाडा केला. एका ओळीत एक महिना. A मध्ये महिन्याचा क्रमांक, B मध्ये तारीख, C मध्ये घाटा, D मध्ये हप्ता, E मध्ये उचल आणि F मध्ये उचलणारा.

```
D2: =5000-C2/12
E2: =60000-C2
```

एक नियम आजच आईंकडून कबूल करून घेतला. बोली ६०० च्या पटीत लावायची. आजवर ५०० च्या पटीत लागायची, आणि ५०० ला १२ ने भागले की ४१ रुपये ६७ पैसे येतात. वहीत दर महिन्याला "३ रु. जास्त", "५ रु. कमी" असे शेरे होते ते याचेच. ६०० ला १२ ने भागले की बरोबर ५० येतात. एवढ्याशा नियमाने फेरीभराची सुट्ट्या पैशांची कटकट मिटली. वेळ: अडीच तास, त्यातला दीड तास वही वाचण्यात.

१० मार्च

पहिली बैठक. आईंनी ६०,००० उचलले, घाटा शून्य, हप्ता ५,०००. C2 रिकामे सोडले. रिकामे सोडायला नको होते, ते पुढे कळेल.

११ एप्रिल

काल पिको-फॉलवाल्या ताईंनी १०,८०० चा घाटा देऊन उचलली. त्यांना मोटरची नवी मशीन घ्यायची आहे. लग्नसराई दारात असताना थांबायला त्यांना वेळ नव्हता, आणि समोर डबेवाल्या ताई बोली चढवत होत्या.

चूक माझी. बैठकीत सगळे घाईत होते. आईंनी "उचलणारीचा घाटा तिलेच कसा वापस द्याचा?" असे म्हटले आणि मी फोनवरून सूत्रातला १२ खोडून ११ केला. अकरा जणांनी ४,०१८ दिले, पिकोवाल्या ताईंनी पूर्ण ५,०००. जमले ४९,१९८. द्यायचे होते ४९,२००. दोन रुपये आईंच्या बटव्यातून गेले.

रात्री शांतपणे पाहिले तेव्हा अकराने भागण्यातली खरी गोम कळली. ताईंनी बोली लावली १०,८०० ची, पण ९०० रुपयांची सूट न मिळाल्याने त्यांचा घाटा प्रत्यक्षात ११,७०० झाला. बोली एक आणि भार वेगळा. बाराने भागले की उचलणाऱ्यासकट सगळे सारखाच हप्ता भरतात आणि कोणाचे काय झाले हे एका ओळीत सांगता येते. दोन्ही पद्धती चालतात, पण फेरीच्या मध्ये बदलायची नाही.

आज सकाळी अकरा घरी जाऊन ब्याऐंशी-ब्याऐंशी रुपये मागून आणले. ९०२ झाले. ९०० पिकोवाल्या ताईंना परत, २ आईंना. एप्रिलचे ऊन होते. इस्त्रीवाले भाऊ म्हणाले, "ब्याऐंशी रुपयांसाठी कॉम्प्युटर आनला का वं?" उत्तर नव्हते.

१२ मे

वसुलीचे दुसरे पान केले. डावीकडे बारा नावे, वरती बारा महिने, ज्याने भरले त्याच्या चौकटीत टिक. दिसायला छान. हीच चौकट ऑगस्टमध्ये अंगावर आली.

या महिन्यात डबेवाल्या ताईंनी ९,६०० च्या घाट्यावर उचलली.

आईंनाही फोनवरून आकडे टाकता यावेत म्हणून शीट त्यांच्या फोनवर उघडून दिली. त्यांचा कळफलक मराठी आहे. त्यांनी "४२००" असे देवनागरी आकड्यांत टाकले आणि बेरजेने त्याची दखलच घेतली नाही, कारण शीटने तो मजकूर धरला. ओळखायची खूण सोपी आहे. खरा आकडा चौकटीत उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. आता आकडे फक्त इंग्रजी कळफलकावरून, आणि त्या रकान्यांना आकड्याखेरीज काही घेऊच नये अशी अट घातली आहे.

१० जून

वॉटरप्रूफिंगसाठी एकाने ९,००० वर उचलली. सांगण्यासारखे काही नाही. हप्ता ४,२५०.

१३ जुलै

या महिन्यातली बोली सगळ्यात वर गेली. स्कूलव्हॅनवाल्या भाऊंच्या मुलीचा इंजिनीअरिंगचा प्रवेश, फी लगेच भरायची. दुसऱ्या बाजूने किराणावाले काका चढवत होते. त्यांना गरज नव्हती, त्यांचे नुसते "बघू तर किती जाते" चालले होते. १२,००० वर थांबली. भाऊंच्या हातात ४८,००० आले.

आणि याच महिन्यात मी नको ते दाखवले. G रकान्यात प्रत्येकाचा निव्वळ फायदा-तोटा काढला होता. उचल वजा वर्षभराचे सगळे हप्ते:

```
G2: =E2-SUM($D$2:$D$13)
```

शीट सगळ्यांना बघायला खुली होती. भाऊंच्या ओळीत दिसले उणे ८,५५०. रात्री साडेनऊला ते दारात उभे. "वहिनी, मी बारा हजार सोडले हे मान्य. पण माझे वाटणीचे पैसे तर वर्षभर येणारच आहेत. मग साडेआठ कसा?"

त्यांचे बरोबर होते. पुढच्या सात महिन्यांचा C रिकामा, शीटने रिकामे म्हणजे शून्य धरले, आणि शून्य घाटा म्हणजे पुढचे सगळे हप्ते पूर्ण ५,००० चे. जणू ऑगस्टपासून कोणी बोलीच लावणार नाही. ज्यांनी उचलली होती त्या प्रत्येकाचा तोटा फुगलेला दिसत होता. डबेवाल्या ताईंच्या ओळीत उणे ६,१५० होते. त्या बोलल्या नाहीत, पण त्यांनी पाहिले होते.

त्या रात्रीच दुरुस्त केले. घाटा टाकल्याशिवाय हप्ता आणि उचल दिसणारच नाहीत, आणि बाराही घाटे भरल्याशिवाय निव्वळ आकडा येणारच नाही.

```
D2: =IF(C2="","",5000-C2/12)
E2: =IF(C2="","",60000-C2)
G2: =IF(COUNT($C$2:$C$13)<12,"",E2-SUM($D$2:$D$13))
```

हे केले आणि मार्चची ओळ गायब झाली, कारण C2 मी रिकामे सोडले होते. बिनबोलीच्या महिन्यात शून्य टाइप करावेच लागते. रिकामे आणि शून्य हे दोन वेगळे निरोप आहेत.

भाऊंना समजावताना वहीच्या मागच्या पानावर मांडणी केली आणि त्यातून एक सोपी गोष्ट हाताला लागली. सगळे जण वर्षभरात सारखेच हप्ते भरतात. फरक फक्त उचलीत. म्हणजे प्रत्येकाचा निव्वळ आकडा हा फेरीतला सरासरी घाटा वजा स्वतःचा घाटा एवढाच असतो. घाटा सरासरीपेक्षा जास्त दिला तर खिशातून गेले, कमी दिला तर आले. भाऊंना म्हटले, "सरासरी किती बसते ते फेब्रुवारीत कळेल, तोवर तुमचा आकडा कोणालाच माहीत नाही." ते गेले, पण चहा घेतला नाही.

१४ ऑगस्ट

बोली ७,२००, हप्ता ४,४००, उचल ५२,८००. पैसे मोजताना २,००० कमी. वसुलीच्या पानावर बाराही टिका आहेत.

आईंनी कपाटातून दोन हजार काढून उचल पूर्ण केली आणि विषय संपवला. मी संपवला नाही.

१७ ऑगस्ट

सापडले. डबेवाल्या ताईंनी २,४०० रोख दिले होते आणि "बाकीचे सोमवारी" म्हणाल्या होत्या. त्यांच्या मेसच्या पोरांचे पैसे अडकले होते. आईंनी पैसे घेतले, टिक लावली. टिकेला "थोडे दिले" हे सांगता येत नाही. चूक ना ताईंची, ना आईंची. चौकट चुकीची होती.

टिकांचे पान पुसून टाकले. त्याऐवजी Jama नावाच्या पानावर साधी यादी केली. पैसे हातात आले की एक ओळ: तारीख, नाव, कोणत्या महिन्याचा हप्ता, रक्कम, रोख की यूपीआय. एकाच हप्त्याच्या दोन ओळी पडल्या तरी हरकत नाही. बाकी काढायचे काम `SUMIFS` करते:

```
=D7-SUMIFS(Jama!D:D,Jama!B:B,"डबेवाल्या ताई",Jama!C:C,6)
```

इथेही एक तास गेला. एका ओळीत "डबेवाल्या ताई" च्या पुढे रिकामी जागा पडली होती, दुसरीकडे "डबेवाली ताई" लिहिले होते. माणसाला एकच, शीटला तीन बायका. आता नाव टाइप करायचे नाही, खाली उघडणाऱ्या यादीतून निवडायचे.

याच बैठकीनंतर मी आईंना एक आकडा काढून दाखवला. आतापर्यंत सहा जणांनी उचलली आहे. त्या प्रत्येकाकडून अजून सहा हप्ते यायचे आहेत, घाटा न धरता ५,००० चा एक. सहा गुणिले सहा गुणिले पाच हजार, म्हणजे १,८०,००० पर्यंतची रक्कम निव्वळ शब्दावर बाहेर आहे. पहिल्या महिन्यानंतर हा आकडा ५५,००० असतो आणि अकराव्यानंतरही ५५,००० च. मध्यावर तो सगळ्यात फुगतो. एरवी लोक शेवटच्या महिन्यांत घाबरतात, खरा धोका सहाव्याच्या आसपास असतो.

आईंनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "येवढे?" मग थोड्या वेळाने, "तरीच मले ऑगस्टमध्ये झोप येत नाही."

ठराव झाला. यापुढे उचलणाऱ्याने ज्यांनी अजून उचलली नाही अशांपैकी एकाला जामीन द्यायचे. हप्ता बुडाला तर जामिनाच्या उचलीतून कापायचा. आधी उचललेला माणूस जामीन चालणार नाही, कारण त्याच्या हातातून कापायला काही उरलेलेच नसते. डबेवाल्या ताईंचे २,००० सोमवारी आले, सांगितल्याप्रमाणे.

१० सप्टेंबर

पोळा, तान्हा पोळा, मारबत सगळे मागच्या आठवड्यात झाले आणि गणपती बसलेले. बोलीला कोणाचा जीव नव्हता. ६,००० वर सुटली. पोरं मोदक संपवून गेली.

१० ऑक्टोबर

परवा दसरा. किराणावाल्या काकांना दिवाळीचा माल भरायचा आहे. ७,८०० च्या घाट्यावर त्यांनी उचलली. जाताना पिकोवाल्या ताईंना म्हणाले, "तुम्ही दहा हजार आठशे देऊन बसल्या. थांबल्या असत्या तर तीन हजार वाचले असते." ताई ओठ आवळून राहिल्या. मीही. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

१० नोव्हेंबर ते १० जानेवारी २०२५

घाटे अनुक्रमे ४,२००, ३,००० आणि २,४००. उचलायचे लोक कमी उरले की बोली आपोआप खाली येते. शीटने एकदाही त्रास दिला नाही. महिन्याला वीस मिनिटे.

१० फेब्रुवारी

शेवटचा नंबर गुरुजींचा. निवृत्त शिक्षक, वर्षभर एकदाही बोली लावली नाही. पूर्ण ६०,००० उचलले. C13 मध्ये शून्य टाइप केले आणि G रकाना पहिल्यांदा उघडला.

सगळे घाटे मिळून ७२,००० झाले, सरासरी ६,०००. प्रत्येकाने वर्षभरात ५४,००० भरले. आई आणि गुरुजी दोघांनाही अधिक ६,०००. पिकोवाल्या ताई उणे ४,८००, व्हॅनवाले भाऊ उणे ६,०००, किराणावाले काका उणे १,८००. सप्टेंबरवाल्याचा आकडा बरोबर शून्य. बाराही आकड्यांची बेरीज शून्य. ही बेरीज शून्य आली नाही तर कुठेतरी एक हप्ता किंवा एक उचल चुकली आहे असे समजावे. या तपासणीची चौकट मी शीटच्या सगळ्यात वर ठेवली आहे.

किराणावाले काका पुन्हा म्हणाले, "बघा, माझे अठराशेच गेले."

१६ फेब्रुवारी

गुरुजींनी विचारले, "सहा हजार सुटले, पण हे शेकडा किती पडले?" रास्त प्रश्न होता. वर्षभर पैसे अडकवून सहा हजार मिळणे आणि पहिल्याच दिवशी साठ हजार हातात घेऊन सहा हजार मिळणे या दोन गोष्टी G रकान्यात सारख्याच दिसत होत्या.

व्याजदर काढणारे `IRR` सूत्र वापरले. गुरुजींच्या ओळीत अकरा महिने उणे हप्ते आणि शेवटी अधिक ५५,००० (उचल वजा त्या महिन्याचा हप्ता). उत्तर महिन्याला १.९४ टक्के. गुरुजी खूश.

मग व्हॅनवाल्या भाऊंची ओळ लावली आणि आले `#NUM!`. दोन संध्याकाळी यात गेल्या. चिन्हे तपासली, सुरुवातीचा अंदाज बदलून पाहिला, शेवटी शून्यापासून तीस टक्क्यांपर्यंतचे दर एकेक टाकून पाहिले. बेरीज कुठेच शून्याला शिवली नाही. चूक माझी नव्हतीच. भाऊंचे पैसे आधी चार महिने बाहेर गेले, मग एकदम आत आले, मग पुन्हा सात महिने बाहेर. ते आधी सावकार होते आणि नंतर कर्जदार. अशा ओळीला एकच एक व्याजदर असेलच असे नाही. कधी दोन निघतात, कधी एकही नाही. मधल्या महिन्यात उचलणाऱ्यासाठी `IRR` च्या नादी लागू नये.

१९ फेब्रुवारी

दुसरा मार्ग घेतला. सगळ्यांसाठी एकच दर धरायचा आणि प्रत्येक हप्ता व प्रत्येक उचल फेब्रुवारीपर्यंत वाढवून पाहायची. दर महिन्याला १ टक्का धरला, कारण गल्लीतल्या दोघांचे पतसंस्थेचे कर्ज वर्षाला १२ टक्क्यांच्या आसपास आहे. तो J1 मध्ये ठेवला, म्हणजे ज्याला पटत नसेल त्याने बदलून पाहावे.

```
H2: =E2*(1+$J$1)^(12-A2)-SUMPRODUCT($D$2:$D$13,(1+$J$1)^(12-$A$2:$A$13))
```

H रकान्याचीही बेरीज शून्यच यायला हवी, कारण दर महिन्याला जेवढे आत येते तेवढेच बाहेर जाते. आली.

गुरुजींचे ६,००० इथे २,९९७ झाले. उरलेले त्यांना एक टक्क्याने कुठेही मिळाले असते. J1 मध्ये २ टक्के टाकले तर ते दोनशे रुपयांनी तोट्यातच जातात. व्हॅनवाल्या भाऊंचे उणे ६,००० हे उणे ५,५४० झाले, थोडेसेच हलके. त्यांची बोली खरोखरच महाग होती.

ज्या दोन ओळींसाठी मी वर्षभर थांबले होते त्या अशा. पिकोवाल्या ताई उणे २,६५५. किराणावाले काका उणे २,६८३.

ताईंनी तीन हजार जास्त सोडले, पण त्यांना पैसे सहा महिने आधी मिळाले. काकांनी कमी सोडले, पण आठ महिने भरत राहून मग उचलली आणि पुढे चारच महिने ते पैसे वापरायला मिळाले. मशीनवर ताईंनी त्या सहा महिन्यांत काय कमावले ते यात धरलेलेही नाही. ताईंना फोन दाखवला. त्यांनी दोन्ही आकडे बोटाने मोठे करून पाहिले आणि म्हणाल्या, "याचा फोटो पाठव."

२३ फेब्रुवारी

अडचणीची ओळ पहिलीच होती. H2 मध्ये आईंच्या नावासमोर अधिक ९,९३७.

मी ती लपवली नाही, पण सगळ्यांना पाठवायच्या आधी आईंना दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "म्हंजे माहा पहिला नंबर फुकटचा हाय, असं?"

मी म्हटले, फुकटचा नाही, पण त्याची किंमत आजवर कोणी मोजली नव्हती. मग दोघींनी मोजली. नोंदणी केलेल्या चिट फंडात चालवणाऱ्याला कमिशन घेता येते. १९८२ च्या चिट फंड कायद्यात ते रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत होते, २०१९ च्या दुरुस्तीने ७ टक्के झाले. ६०,००० चे सात टक्के म्हणजे महिन्याला ४,२००. आईंचे ९,९३७ बारा महिन्यांवर पसरले तर महिन्याला ८२८ पडतात, दीड टक्क्याहूनही कमी. त्या बदल्यात त्या वसुली करतात, हॉल देतात, चहा करतात आणि ऑगस्टसारखे दोन हजार कमी पडले की कपाट उघडतात.

पण ही तुलना मी लांबवली नाही. तिकडे कायदा आणि निबंधक पाठीशी असतात. आमच्याकडे फक्त आई आहेत. म्हणूनच कोपऱ्यावरच्या एकाने "चाळीस जणांची करू, कमिशन ठेवू" असे सुचवले तेव्हा दोघींनी एकदमच नाही म्हटले. ओळखीतल्या बारांपलीकडे जायचे नाही.

२ मार्च

पूर्ण शीट सगळ्यांना पाठवली. पहिल्या ओळीवर दोन दिवस गल्ली शांत होती, म्हणजे घराघरांत बोलणे चालू होते. इस्त्रीवाले भाऊ म्हणाले, "आई नसत्या तर बीसीच नसती, त्यांचं त्यांना राहू द्या." किराणावाले काका म्हणाले, पहिला नंबरही बोलीला लावा. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी J1 मध्ये वेगवेगळे दर टाकून पाहिल्याचे मात्र शीटच्या इतिहासात दिसले.

एकूण जमाखर्च: माझे अंदाजे तीस तास, त्यातले निम्मे मे ते ऑगस्टच्या चुका निस्तरण्यात. पैशांत खर्च शून्य. आईंनी नवी वही घेतलीच, चाळीस रुपये.

१० मार्च २०२५

नवी फेरी, तेच बारा जण. बैठक सुरू व्हायच्या आधीच आईंनी सांगून टाकले, "पहिला नंबर माहाच. पन तीन हजार सोडते." कोणी मागितले नव्हते. काकांनी सहा हजारांचे नाव काढायला तोंड उघडले आणि पिकोवाल्या ताईंनी त्यांच्याकडे नुसते पाहिले.

C2 मध्ये मागच्या वर्षी 0 होते तिथे 3000 टाकले. D2 मध्ये 4750 आले. आईंनी आधी आपले स्वतःचे चार हजार सातशे पन्नास मोजून डब्यात टाकले आणि नव्या वहीत, पहिल्या पानावर, तेही लिहून ठेवले.